पात्रता साधी आणि पगार भरमसाट: परदेशी नोकरीची ऑफर तपासण्याचा क्रम

नाशिकच्या एका वाचकाने पाठविलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याचे वय सव्वीस, शिक्षण बी. कॉम., अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कार्यालयात तीन वर्षे बिले आणि डेटा एंट्रीचे काम, पगार अठरा हजार रुपये. इंग्रजी समजते, बोलताना अडखळायला होते. टेलिग्रामवरील एका नोकरीविषयक गटातून त्याला बँकॉक येथील ‘कस्टमर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह’ या पदाची ऑफर आली आहे. दरमहा अकराशे डॉलर, म्हणजे नव्वद हजार रुपयांहून अधिक, वर राहणे, जेवण आणि विमानाचे तिकीट कंपनीकडून. मुलाखत मोबाइलवर पंधरा मिनिटांत झाली, दोन दिवसांत पत्र आले आणि नऊ दिवसांत निघायचे आहे. एजंट एक रुपयाही मागत नाही. सिन्नरचा एक ओळखीचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी तिथेच गेला असून ‘सगळे छान आहे’ असे तो कळवितो. वाचक विचारतो की, माझ्यासारख्या साध्या माणसाला एवढा पगार देत आहेत, यात संशय घ्यावा का, की घरच्यांप्रमाणे मीही उगाच घाबरतो आहे?

संशय घ्यावा, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत पासपोर्टची प्रत कुणालाही देऊ नये. मात्र संशयाचे कारण केवळ पगाराचा आकडा नाही. परदेशात अनेक कामांना नाशिकच्या पाचपट पगार रीतसर मिळतो. इथे प्रश्न आहे तो असा की, ज्या कौशल्यासाठी हा पगार देऊ केला आहे ते कौशल्य कुणी तपासलेच नाही. मी भरतीच्या कामात बरीच वर्षे आहे आणि माझ्याकडे अशी पत्रे घेऊन येणारे बहुतेक जण तपासणी करतात, पण उलट्या क्रमाने करतात. आधी पासपोर्ट पाठवितात, मग कारखान्यात राजीनामा देतात आणि शेवटी तिकीट हातात आल्यावर कंपनीचे नाव इंटरनेटवर शोधतात. तोवर मागे फिरणे लाजिरवाणे वाटू लागलेले असते. म्हणून खालील टप्पे याच क्रमाने करावेत. पहिले तीन घरबसल्या होतात आणि त्यांत कुणालाही कोणताही कागद पाठवावा लागत नाही.

तयारी: आधी काय थांबवावे

एजंटला होकार किंवा नकार यांपैकी काहीही आज कळवू नये. ‘घरी बोलून चार दिवसांत सांगतो’ एवढेच लिहावे. खऱ्या मालकाला चार दिवसांनी फरक पडत नाही. ज्याला पडतो, त्याची घाई हीच एक माहिती समजावी.

आतापर्यंतचे सगळे संदेश, ऑफरचे पत्र, मुलाखतीची वेळ, एजंटचा क्रमांक आणि त्याचे नाव यांचे स्क्रीनशॉट काढून ते घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवर पाठवावेत. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्ही बाजूंचे संभाषण पुसू शकतो, आणि संशय आला की तो तेच करतो. राजीनामा देऊ नये. पासपोर्टचे पान, आधार, बँकेचा तपशील आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फोटो पाठविले असल्यास काय करावे ते शेवटच्या टप्प्यात सांगितले आहे.

टप्पा १: पगार नाशिकशी नव्हे, तिथल्या बाजाराशी ताडून पाहणे

नव्वद हजारांची तुलना आपण अठरा हजारांशी करतो आणि डोळे दिपतात. ही तुलना निरुपयोगी आहे. मालक पगार ठरविताना तुमचा आजचा पगार मोजत नसतो. तेच काम करणारा स्थानिक माणूस त्याला कितीला मिळतो हे तो मोजत असतो.

बँकॉकमध्ये कायद्याने ठरलेले किमान वेतन २०२५ च्या मध्यापासून दिवसाला ४०० बाट आहे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ते १०,४०० बाट होते. अकराशे डॉलर म्हणजे साधारण पस्तीस हजार बाट. म्हणजे किमान वेतनाच्या तिपटीहून अधिक, आणि त्यावर राहणे, जेवण, तिकीट वेगळे. इतक्या खर्चात बँकॉकमधील मालकाला थाई आणि इंग्रजी दोन्ही बोलणारा, कामाचा अनुभव असलेला स्थानिक पदवीधर मिळू शकतो. त्याला सोडून थाई न येणारा आणि इंग्रजीत अडखळणारा माणूस मालक का आणेल, याचे एका वाक्यात पटणारे उत्तर सापडले पाहिजे.

कधीकधी ते उत्तर सापडते. सातपूरमधील एखाद्या सीएनसी सेटरला किंवा सहा वर्षे पाइप वेल्डिंग केलेल्या माणसाला आखातात तिप्पट पगार मिळतो, तेव्हा कारण उघड असते: तिथे ते काम करणारे हात कमी आहेत, आणि मालक प्रत्यक्ष जोड मारून घेऊन, तो तपासूनच निवड करतो. एखाद्या कंपनीला मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या ग्राहकांसाठी माणसे हवी असतील तर तेही कारण आहे. पण मग ती कंपनी भारतातील कोणत्या ग्राहकांना कोणती वस्तू किंवा सेवा विकते, हे तिला सांगता आले पाहिजे.

*तपासणी:* ‘मलाच एवढा पगार का?’ या प्रश्नाचे उत्तर कामाच्या स्वरूपातून निघत नसेल आणि ‘कंपनी फार मोठी आहे’, ‘तिकडे असेच पगार असतात’ एवढ्यावर थांबत असेल, तर ते उत्तर नाही असे समजून पुढे जावे.

टप्पा २: मुलाखतीत काय तपासले गेले ते लिहून काढणे

मुलाखत आठवून विचारलेले सगळे प्रश्न कागदावर उतरवावेत. या वाचकाने ते मला पाठविले आहेत: टायपिंगचा वेग, फेसबुक आणि इन्स्टाग्राम वापरता येते का, लग्न झाले आहे का, पासपोर्ट आहे का, घरी कोण असते, रात्री काम कराल का. टायपिंगची चाचणी झाली, ती मिनिटाला पस्तीस शब्दांची. ग्राहकाची तक्रार कशी हाताळाल, कोणते सॉफ्टवेअर वापरले आहे, आधीच्या मालकाचा दूरध्वनी काय, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही.

हे प्रश्न ग्राहकसेवेच्या कामाचे नाहीत. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये एक सूचना काढून सांगितले होते की, थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’सारख्या पदांच्या खोट्या ऑफर देऊन तरुणांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेले जात आहे आणि तिथे त्यांना ऑनलाइन फसवणूक व क्रिप्टोच्या घोटाळ्यांचे काम करायला लावले जात आहे. त्या कामात खोट्या नावाने समाजमाध्यमांवर अनोळखी माणसांशी गोड बोलून पैसे गुंतवायला लावायचे असते. अशा कामाला अनुभव लागत नाही. टायपिंग, जेमतेम इंग्रजी, समाजमाध्यमांची सवय आणि रात्रपाळी एवढे पुरते. वरील प्रश्नांची यादी या कामाशी ताडून पाहिली तर प्रत्येक प्रश्न जागेवर बसतो. ‘घरी कोण असते’ हा प्रश्न आपुलकीचा वाटतो खरा, पण पुढे सुटकेसाठी पैसे कुणाकडे मागता येतील हेही त्यातूनच कळते.

*सावधान:* मुलाखत इंग्रजीत झाली, कॅमेऱ्यावर झाली किंवा समोर टाय घातलेला माणूस होता, यांतून काहीच सिद्ध होत नाही.

टप्पा ३: कामाच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता मागणे

सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त सांगणारा टप्पा हाच आहे, आणि तोच बहुतेक जण गाळतात, कारण पत्रावर ‘बँकॉक, थायलंड’ असे छापलेले असते. शहराचे नाव म्हणजे पत्ता नव्हे. इमारतीचे नाव, रस्ता, जिल्हा आणि पिन क्रमांक यांसह कामाचा पत्ता, तसेच राहण्याच्या जागेचा वेगळा पत्ता लेखी मागावा. दोन्ही नकाशावर पाहावेत, रस्त्यावरची छायाचित्रे उघडून त्या इमारतीवर काय लिहिले आहे ते वाचावे.

त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: सुवर्णभूमी किंवा डॉन मुआंग विमानतळावरून कार्यालयापर्यंत गाडीने किती वेळ लागतो? बँकॉक शहरातील कोणतेही कार्यालय विमानतळापासून फार तर दीड-दोन तासांवर असते. सात-आठ तास असे उत्तर आले, किंवा ‘गाडी घ्यायला येईल, तुम्ही काळजी करू नका’ एवढेच आले, तर नकाशावर माए सोत हे गाव शोधावे. ते बँकॉकपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर, म्हणजे नाशिकहून अमरावती गाठण्याइतके दूर, ताक प्रांतात आहे. गावाच्या कडेने मोएई नावाची नदी वाहते. ती फारशी रुंद नाही, आणि तिच्या पलीकडचे म्यावाडी हे गाव म्यानमारमध्ये आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनेतील बेकायदा सीमा ओलांडणे घडते ते प्रामुख्याने या भागात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत २८३ आणि २६६ भारतीयांना याच माए सोतहून परत आणले; त्यांना म्यानमारच्या हद्दीतील अशाच ठिकाणांहून सोडविण्यात आले होते.

नदी ओलांडली की थायलंडचा कायदा, पोलीस आणि बँकॉकचा भारतीय दूतावास मागे राहतात. म्यावाडीचा परिसर सशस्त्र गटांच्या ताब्यात असल्यामुळे म्यानमारच्या सरकारचा हातही तिथे सहज पोहोचत नाही. शिवाय माणूस स्वतः बेकायदा सीमा ओलांडलेला ठरतो, म्हणून परत थायलंडच्या हद्दीत आल्यावरही त्याला चौकशीला तोंड द्यावे लागते. तपासणी निघण्यापूर्वीच का करायची, याचे कारण एवढेच आहे. कंबोडिया आणि लाओसच्या ऑफरनाही हाच प्रश्न विचारावा. लाओसमध्ये ‘गोल्डन ट्रँगल’ या विशेष आर्थिक क्षेत्राचे नाव पत्त्यात दिसले तर तिथेच थांबावे.

*तपासणी:* पत्ता मिळाला, तो नकाशावर आहे आणि विमानतळापासूनचे अंतर पटते, तरच पुढचा टप्पा. पत्ता देण्यास टाळाटाळ झाली तर पुढचे टप्पे करण्याची गरज नाही.

टप्पा ४: कोणत्या व्हिसावर पाठवीत आहेत ते पाहणे

भारतीयांना थायलंडमध्ये पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळत आला आहे, आणि या सवलतीचा फायदा घेऊनच ही भरती चालते. ‘व्हिसा लागत नाही, फक्त पासपोर्ट आणा, तिकडे गेल्यावर कंपनी कामाचा व्हिसा करून देईल’ हे वाक्य या वाचकालाही सांगितले गेले आहे. व्हिसाशिवाय मिळालेल्या प्रवेशावर नोकरी करता येत नाही.

रीतसर पद्धत अशी आहे. थायलंडमधील मालक तिथल्या कामगार खात्याकडे तुमच्या नावाने अर्ज करतो. त्याची कागदपत्रे घेऊन तुम्ही भारतातून thaievisa.go.th या संकेतस्थळावर ‘नॉन-इमिग्रंट बी’ प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करता. तो मिळाल्यावर तुम्ही जाता आणि तिथे वर्क परमिट हातात पडल्यावर काम सुरू होते. काही परिस्थितीत पर्यटक म्हणून आत गेल्यावर व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज तिथेच करता येतो, हे खरे आहे, आणि एजंट नेमक्या त्याच सवलतीकडे बोट दाखवितो. परंतु त्यालाही मालकाची तीच कागदपत्रे लागतात. ज्याच्याकडे ती आहेत, त्याला ती तुम्हाला आधी पाठविता येतात.

या वाचकाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एका परदेशी माणसामागे वीस लाख बाटचे भांडवल आणि त्याचा मुक्काम वर्षभरासाठी वाढविताना चार थाई कर्मचारी, अशी तिथली सर्वसाधारण अट आहे. शिवाय कारकुनी आणि सचिवपदाची कामे परदेशी माणसांना करू न देण्याचा नियम आहे. म्हणजे बिले आणि डेटा एंट्री या अनुभवाच्या बळावर त्याला तिथे वर्क परमिट मिळणे आधीच कठीण, आणि नऊ दिवसांत तर त्याहून कठीण. पत्रातील तारीख आणि कायद्याने लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाही, हे त्याला या टप्प्यावर कुणालाही न विचारता दिसू शकते.

*सावधान:* विमानतळावर ‘फिरायला चाललो आहे’ असे सांगा, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण आम्ही देतो, ते फक्त दाखवायचे आहे, असे सांगितले गेले तर तपासणी तिथेच संपली. जो मालक पहिल्याच दिवशी दोन देशांच्या अधिकाऱ्यांशी तुम्हाला खोटे बोलायला लावतो, त्याच्या पत्रावरील कोणताही आकडा खरा मानण्याचे कारण उरत नाही.

अनेकांचा आणखी एक गैरसमज असतो. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक, हा शेरा नसतो आणि त्याला परदेशी नोकरीसाठी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाची परवानगी लागत नाही. लोक याचा अर्थ ‘सरकारने आपल्याला मोकळीक दिली, म्हणजे सुरक्षित’ असा लावतात. प्रत्यक्षात अर्थ उलट आहे. थायलंड हा परवानगी लागणाऱ्या १८ देशांच्या यादीत आहे, म्हणून आठवी शिकलेल्या मजुराचा करार निघण्यापूर्वी एक अधिकारी पाहतो. पदवीधराचा कुणीच पाहत नाही.

टप्पा ५: मध्यस्थ आणि मालक यांची नोंद शोधणे

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी emigrate.gov.in या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. त्याच्याकडून परवाना क्रमांक घ्यावा आणि तो यादीत स्वतः टाकून पाहावा. त्याने पाठविलेल्या दुव्यावर जाऊन पाहू नये, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा.

इथे होणारी चूक अशी की, परवाना खरा निघतो आणि माणूस निश्चिंत होतो. परवाना मुंबई किंवा दिल्लीतील एखाद्या संस्थेचा असतो आणि नाशिकमध्ये तुमच्याशी बोलणारा ‘आम्ही त्यांचेच काम करतो’ असे म्हणणारा कुणी भलताच असतो. म्हणून यादीत दिलेल्या दूरध्वनीवर फोन करावा, पत्रावरच्या नव्हे, आणि विचारावे की, अमुक नावाच्या पदासाठी, अमुक मालकाकडे तुम्ही भरती करीत आहात का आणि अमुक व्यक्ती तुमची कर्मचारी आहे का. या एका फोनने बहुतेक बनावट प्रकरणे उघडी पडतात.

थायलंडमधील कंपनीसाठी तिचा तेरा अंकी नोंदणी क्रमांक मागावा आणि तो datawarehouse.dbd.go.th या तिथल्या व्यापार खात्याच्या संकेतस्थळावर पाहावा. नोंद सापडली तरी नोंदलेला पत्ता टप्पा ३ मधील पत्त्याशी जुळतो का आणि नोंदलेला व्यवसाय ग्राहकसेवेशी मिळताजुळता आहे का, हे पाहणे महत्त्वाचे आहे. खऱ्या कंपनीचे नाव उचलून खोटे पत्र छापणे अवघड नसते. कंपनीची चकचकीत वेबसाइट, पत्रावरचा शिक्का आणि ‘एचआर’ची सही यांना मी तपासणीत धरतच नाही.

टप्पा ६: पैसे कुणाकडून कुणाकडे जातात ते पाहणे

नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. त्याहून जास्त मागणी, रोख मागणी किंवा कुणा व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने मागणी आली तर ओळख पटली. एवढे बहुतेकांना माहीत असते, आणि यातूनच सर्वांत मोठी चूक होते. ‘पैसे मागत नाहीत, म्हणजे फसवणूक नाही, फार तर काय होईल, परत येऊ’ असा निष्कर्ष लोक काढतात. या वाचकाच्या घरीही अखेर याच मुद्द्यावर होकार मिळाला.

नेहमीच्या फसवणुकीत उमेदवाराचे पैसे लुबाडतात. इथे माल म्हणजे उमेदवारच असतो. त्याला पोहोचविणाऱ्या एजंटला पलीकडचे लोक माणशी रक्कम देतात, म्हणून तिकीट, जेवण आणि राहणे हा एजंटच्या दृष्टीने खर्च नसून धंद्यातील गुंतवणूक असते. ती पुढे उमेदवाराच्याच नावावर कर्ज म्हणून मांडली जाते: तुझ्यावर आम्ही इतके खर्च केले, ते फेड आणि जा. तोवर पासपोर्ट काढून घेतलेला असतो. म्हणून अशा ऑफरमध्ये फुकट मिळणारी प्रत्येक गोष्ट कुणाच्या खिशातून येते आणि तो ती कशी वसूल करणार, हा प्रश्न विचारावा. रीतसर मालक तिकीट देतो तेव्हा करारात तसे कलम असते आणि नोकरी लवकर सोडल्यास काय होईल हेही लिहिलेले असते. करारच नसेल आणि केवळ ऑफरचे पत्र असेल, तर वसुलीची अट तुम्हाला तिथे पोहोचल्यावर कळणार.

*तपासणी:* करार हातात आहे का, त्यात कामाचा पत्ता, पगार, कामाचे तास, सुट्टी, नोकरी सोडण्याची पद्धत आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे का?

टप्पा ७: ‘ओळखीचा मुलगा तिथेच आहे’ ही साक्ष तपासणे

घरच्यांचा विश्वास बसतो तो कागदांपेक्षा माणसावर, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु अडकलेल्या माणसाकडूनच पुढची माणसे आणवून घेणे ही या धंद्यातील जुनी रीत आहे. कुणाला बदली माणूस दिल्यास सोडण्याचे आमिष दाखविले जाते, कुणाला माणशी पैसे देऊ केले जातात, कुणाला फक्त धाक असतो. म्हणून सिन्नरच्या मुलाचा ‘सगळे छान आहे’ हा संदेश खोटा मानू नये, पण पुरावाही मानू नये.

त्याला ठरलेल्या वेळेव्यतिरिक्त अचानक व्हिडिओ कॉल करावा. तो उचलतो का, की नेहमी ठराविक तासालाच परत फोन येतो, हे पाहावे. बोलताना मागे कुणी उभे आहे असे वाटते का, तेही पाहावे. घरच्या बोलीत, घरच्यांनाच कळेल अशा गोष्टीवर बोलावे, म्हणजे हिंदी किंवा इंग्रजी ऐकणाऱ्याला अर्थ लागणार नाही. मग सहज म्हणावे की, इमारतीबाहेर जाऊन रस्ता दाखव, समोरच्या दुकानाची पाटी दाखव. बँकॉकमध्ये राहणाऱ्याला यात काहीच अवघड नाही. पाटीवरची लिपी थाई आहे की बर्मी, हे मराठी माणसालाही एकदा दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहिले की ओळखता येते. बर्मी अक्षरे बहुतांशी गोल वेटोळ्यांची असतात. तो बाहेर जाऊच शकत नसेल, तर त्याला जास्त प्रश्न विचारून अडचणीत आणू नये. फोन शांतपणे ठेवावा आणि त्याच्या आईवडिलांना भेटावे.

टप्पा ८: कागद आधीच दिले असतील किंवा कुणी आधीच गेला असेल तर

पासपोर्टची प्रत, आधार किंवा बँकेचा तपशील पाठविला असल्यास बँकेला कळवून खात्यावरील व्यवहारांवर लक्ष ठेवावे आणि आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे. मूळ पासपोर्ट एजंटकडे असेल तर तो लेखी संदेश पाठवून परत मागावा. दिला नाही तर पोलिसांकडे तक्रार करावी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी ती गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, आणि स्क्रीनशॉट घेऊन नाशिक शहर किंवा ग्रामीण सायबर पोलीस ठाण्यात प्रत्यक्षही जाता येते. पैसे गेले नसले तरी भरतीचा संशय असल्यास तक्रार करावी. एजंटचा क्रमांक इतर तक्रारींशी जुळतो तेव्हाच पोलिसांना धागा मिळतो.

परदेशी नोकरीविषयी माहिती किंवा मदत हवी असल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राचा १८००-११-३०९० हा निःशुल्क क्रमांक आहे. कुणी आधीच अडकलेला असेल तर कुटुंबाने madad.gov.in वर तक्रार नोंदवावी. त्यात पासपोर्ट क्रमांक, शेवटचे ठिकाण, शेवटच्या संभाषणाची तारीख आणि एजंटचा तपशील द्यावा. ठिकाण म्यावाडीच्या बाजूचे असेल तर प्रकरण म्यानमारमधील भारतीय दूतावासाकडे जाते, बँकॉककडे नव्हे. म्हणून ‘थायलंडला गेला आहे’ एवढेच लिहून थांबू नये, ठिकाणाविषयी जो काही पुरावा आहे तो जोडावा. सुटकेसाठी पैसे मागणारा फोन आला तर रक्कम पाठविण्यापूर्वी हे सगळे करावे, कारण एकदा पैसे पोहोचले की दुसऱ्यांदा मागणी येते.

या वाचकाने आज काय लिहावे

एजंटला पुढील मजकूर जसाच्या तसा पाठवावा. तो सभ्य आहे आणि खऱ्या मालकाला त्यात राग येण्यासारखे काही नाही:

‘ऑफरबद्दल आभार. निर्णय घेण्यापूर्वी मला कामाचा पूर्ण पत्ता, कंपनीचा तेरा अंकी नोंदणी क्रमांक, आपला भरतीचा परवाना क्रमांक आणि सही केलेला करार हवा आहे. मी ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा मिळाल्यावरच प्रवास करीन.’

माझा अंदाज असा आहे की, उत्तरात पत्ता किंवा क्रमांक येणार नाहीत. ‘इतर उमेदवार तयार आहेत, जागा आजच भरते’ असे काहीतरी येईल, किंवा टेलिग्रामवरील संभाषणच पुसले जाईल. चारही गोष्टी आल्या तर त्या टप्पा ३ ते ६ मधून एकेक तपासाव्यात, आणि त्या पूर्ण होईपर्यंत अंबडची नोकरी चालू ठेवावी. सिन्नरच्या मुलाच्या घरी मात्र एजंटच्या उत्तराची वाट न पाहता आज संध्याकाळीच जाऊन यावे. त्याच्या आईला विचारावे की, गेल्या दोन महिन्यांत त्याने घरी पैसे किती पाठविले आणि फोन कोणत्या वेळेला येतो.